प्रोफाइलवरचे गोल आणि गिऱ्हाइकाचे प्रश्न

इन्स्टाग्रामवर कपडे विकणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, तिला सगळ्यात जास्त वेळा येणारा मेसेज कुठला. 'ताई, प्राइस?' काही जणी तेवढंही लिहीत नाहीत, नुसतं 'पीपी' टाकून मोकळ्या होतात, म्हणजे 'प्राइस प्लीज'. त्याच्या मागोमाग '३८ मध्ये आहे का?', 'कलर असाच आहे ना?', 'गणपतीआधी मिळेल का?' आणि 'नाही बसलं तर बदलून देता का?' ही मंडळी येतात. दुकानदारीण दिवसभर कापड बघते, शिवणाऱ्या बायकांना काम लावते, कुरिअरच्या पिशव्या बांधते, आणि रात्री अंथरुणावर पडून तीच चार-पाच उत्तरं पुन्हा पुन्हा टाइप करते. तोवर विचारणाऱ्या निम्म्या जणी दुसऱ्या दुकानात गेलेल्या असतात.

गंमत अशी की या प्रश्नांची उत्तरं लावायची जागा तिच्या प्रोफाइलवर आधीपासून असते. दुकानाचं नाव आणि माहिती यांच्या खाली, फोटोंच्या चौकटींच्या वर, लहान लहान गोलांची एक ओळ दिसते. त्यांना स्टोरी हायलाइट्स म्हणतात. स्टोरी चोवीस तासांत नाहीशी होते. इन्स्टाग्रामने स्टोरीची सोय २०१६ मध्ये आणली आणि २०१७ च्या अखेरीस हायलाइट्स दिले. त्यामुळे संपलेल्या स्टोऱ्या निवडून एका गोलात भरता येतात आणि आपण काढेपर्यंत त्या तिथेच राहतात. एका गोलात शंभरपर्यंत स्टोऱ्या मावतात. मोफत मिळालेली ही जागा बहुतेक दुकानं कशी वापरतात ते बघण्यासारखं असतं.

सांगलीत आमच्या ओळखीच्या एक ताई खणाचे तयार ब्लाऊज, कुर्ते आणि थोड्या साड्या विकतात. खण म्हणजे गुळेदगुड्डकडचं, काठाला नक्षी असलेलं ते विणलेलं कापड. त्यांच्या प्रोफाइलवर डावीकडून असे गोल होते: 'हॅपी क्लायंट्स', 'दिवाळी', 'एक्झिबिशन', 'न्यू', नुसतं एक लाल हृदय, 'टीम' आणि शेवटी 'लव्ह'. सगळ्यांवर फिकट गुलाबी रंगात सोनेरी रेघांची चित्रं. दिसायला छानच होते. पण कोल्हापुरातल्या एखाद्या बाईने रील पाहून प्रोफाइल उघडलं आणि तिला ब्लाऊज केवढ्याला आहे हे हवं असलं, तर यातल्या कुठल्या गोलावर बोट ठेवायचं? हृदयावर?

दोष आळसाचा नव्हता. ताईंनी गोल त्यांच्या आठवणींनुसार लावले होते. दिवाळीत काय केलं ते एका गोलात, प्रदर्शनात स्टॉल लावला ते दुसऱ्यात, नवीन माल तिसऱ्यात. दुकान चालवणाऱ्याच्या डोक्यात वर्ष असंच साठलेलं असतं. विकत घेणारी मात्र मनात एक प्रश्न घेऊन येते, आणि त्या प्रश्नाचं नाव असलेला गोल तिला दिसला नाही तर ती 'पीपी' लिहिते किंवा निघून जाते. म्हणून गोलांची वर्गवारी मालावरून किंवा सणावरून न करता प्रश्नांवरून करायची. या साध्या बदलातून पुढचं सगळं निघतं.

कुठले प्रश्न घ्यायचे हे डोक्यातून ठरवू नये, कारण आपल्याला जे सांगायची हौस असते तेच आपल्याला लोकांचे प्रश्न वाटतात. ताईंना वाटत होतं की हातमाग आणि विणकर याबद्दल लोक फार विचारतात. इनबॉक्स उघडून मागच्या काही आठवड्यांचे मेसेज वाचले आणि प्रत्येक प्रश्नासाठी वहीत एक रेघ ओढली, तेव्हा विणकरांबद्दलच्या रेघा मोजक्याच निघाल्या. किमतीचा ढीग सगळ्यात मोठा, हे अपेक्षित होतं. त्याच्या पाठोपाठ मापाचा. तिसऱ्या ढिगात 'किती दिवसांत येईल', 'पैसे कसे द्यायचे' आणि 'परदेशात पाठवता का' हे एकत्र आले, कारण विचारणारीच्या मनात ते एकाच गोष्टीचे भाग असतात: ऑर्डर दिली तर पुढे काय होतं. परदेशाचा प्रश्न मुलीकडे अमेरिकेला किंवा दुबईला निघालेल्या आयांचा असतो. त्यांना ब्लाऊज इथेच घरी हवा असतो, पण विमानाच्या तारखेच्या आत. चौथा ढीग रंगाचा आणि धुण्याचा, पाचवा बदलून देण्याचा. उरलेलं किरकोळ.

पाच ढीग, म्हणून पाच गोल. आकडा योगायोगानेच सोयीचा आला, कारण फोनच्या पडद्यावर बोट न सरकवता साधारण चार ते पाच गोलच दिसतात. सहावा अर्धवट डोकावतो आणि सातव्यापर्यंत फार कमी जणी जातात. 'ग्राहकांचे फोटो' आणि 'दुकान' असे आणखी दोन गोल ठेवायला हरकत नाही, पण त्यांची जागा या पाचांच्या मागे.

नावं ठेवताना देवनागरीची एक अडचण येते आणि ती कुणी आधी सांगत नाही. हायलाइटच्या नावाला साधारण पंधरा अक्षरांची जागा मिळते. 'ग्राहकांचे फोटो' ही आपल्या डोळ्यांना सहा अक्षरं वाटतात. पण काना, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातलं हलंत यांतलं प्रत्येक चिन्ह यंत्र वेगळं धरतं, मधली मोकळी जागाही मोजतं, आणि बेरीज बरोबर पंधरावर जाते. शिवाय गोलाखालची जागा अरुंद. नाव लांबलं की शेपटी कापून तिथे टिंबं येतात. म्हणून एकच लहान शब्द बरा: 'किंमत', 'माप', 'ऑर्डर', 'कापड', 'बदल'. 'आमच्याविषयी थोडंसं' वगैरे साहित्य इथे चालत नाही. ताईंच्या मुलीला 'प्राइस', 'साइज' अशी इंग्रजी नावं हवी होती. मेसेज मराठीत येत असतील तर नावं मराठी ठेवावीत एवढंच माझं मत. 'साइज' देवनागरीत लिहिलं तरी कुणाचं अडत नाही.

गोलावरचं चित्रही त्याच न्यायाने निवडावं. एका रंगातली सोनेरी रेघांची चित्रं सगळीकडे दिसतात, पण त्यातली पिशवी, फूल आणि डबी बोटाच्या पेराएवढ्या जागेत सारखीच वाटतात. 'माप'वर पिवळ्या इंचटेपेचा खरा फोटो, 'कापड'वर खणाच्या काठाचा अगदी जवळून घेतलेला तुकडा, 'बदल'वर कुरिअरची पिशवी असेल, तर नाव वाचायच्या आधीच डोळा ओळखतो. चित्र गोलात कापलं जातं, त्यामुळे वस्तू मधोमध हवी.

आता आतला मजकूर. सगळ्यात जास्त मेहनत 'माप' या गोलाला लागते, आणि ती केली तर सगळ्यात जास्त भांडणंही तिथेच वाचतात.

ब्लाऊजवर ३८ लिहिलेलं असतं. हा आकडा अंगाच्या मापाचा की ब्लाऊजच्या? दोन दुकानांत दोन उत्तरं मिळतात, आणि परत येणाऱ्या कपड्यांचं मूळ पुष्कळदा इथेच असतं. ताईंकडे ३८ म्हणजे ब्लाऊजचं तयार माप. म्हणून गोलातल्या पहिल्या स्टोरीत एवढंच: ब्लाऊज पाटावर सपाट पसरलेला, हुक लावलेले, टेप एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत ताणलेली आणि तिच्यावर १९ चा आकडा स्पष्ट. खाली एक ओळ, 'एका बाजूने १९, म्हणजे आमचा ३८.' दुसऱ्या स्टोरीत तेच गिऱ्हाइकाला करायला सांगितलं आहे: तुम्हाला नीट बसणारा एखादा ब्लाऊज असाच पसरा, मोजा, दुप्पट करा. अंगाला टेप लावून घेतलेलं माप कुणी ओढून घेतं, कुणी सैल. बसणारा ब्लाऊज मोजला तर ही चूक होत नाही.

तिसऱ्या स्टोरीत ब्लाऊज उलटा करून आतली शिलाई दाखवली. बाजूच्या शिलाईत सोडलेलं कापड, ज्याला सगळे मार्जिन म्हणतात, ते इथे एकेक इंच आहे. दोन बाजू, प्रत्येक बाजूला पुढची आणि मागची अशा चार कडा. वरवर हिशेब केला तर चार इंच सैल होईल आणि ३८ चा ४२ होईल. पण नवी शिलाई मारायला प्रत्येक कडेला पाव इंच तरी कापड धरावंच लागतं. चार कडांचा मिळून एक इंच त्यात गेला, हाती तीन उरले. म्हणून लिहायचं '४१ पर्यंत सैल होतो'. '४२ पर्यंत' असं लिहिणारी दुकानं असतात, आणि मग शिंपी पाव इंचही न धरता कडेवर शिलाई मारतो व पहिल्या लग्नातच काखेत उसवतं.

चौथी स्टोरी बाहीची. सगळे बाहीची लांबी देतात. तक्रार असते ती दंडाच्या घेराची. तेव्हा घेर इंचांत, आणि टेपेसकट फोटो. पाचवीत फक्त 'दोन मापांच्या मधे असाल तर मोठं घ्या, आत घेणं सोपं असतं', आणि सहावीत कुठल्या मापाच्या खाली-वर शिवून देत नाही ते स्पष्ट. इथे ताई थोड्या अडखळल्या. 'नाही' असं लिहिणं त्यांना बरं वाटेना. पण ४६ लागणाऱ्या बाईला चार मेसेजांनंतर 'नाही' सांगण्यापेक्षा हे सभ्य.

एवढ्या सहा स्टोऱ्या सहज एका तक्त्यात बसल्या असत्या, असं कुणी म्हणेल. बसतात, पण वाचता येत नाहीत. फोटोची स्टोरी पाचेक सेकंदांत पुढे सरकते. बोट दाबून धरलं की ती थांबते हे अनेकींना माहीत नसतं. त्या अवधीत दोन लहान ओळी आणि एक आकडा वाचून होतो, सहा रकान्यांचा तक्ता होत नाही. शिवाय वरचा आणि खालचा प्रत्येकी साधारण आठवा हिस्सा दुकानाचं नाव आणि उत्तराची चौकट यांच्या आड जातो, म्हणून महत्त्वाचा आकडा कायम मध्ये. तक्ता द्यायचाच असेल तर शेवटी द्यावा आणि त्यावर 'बोट दाबून धरा' असं लिहावं.

'किंमत' या गोलाची अडचण वेगळी आहे: ती शिळी होते. प्रत्येक ब्लाऊजची किंमत तिथे टाकली तर माल संपतो, किंमत राहते, आणि गिऱ्हाईक त्याच किमतीला मागतं. म्हणून इथे पट्टे द्यायचे. तयार ब्लाऊज ८५० ते १,४००, कुर्ते अमुक ते अमुक, असं. पण नुसता पट्टा दिला की 'माझा कितीचा?' हा प्रश्न उरतोच. तेव्हा फरक कशामुळे पडतो तेही दाखवायचं. एका स्टोरीत दोन ब्लाऊज शेजारी: डावा ८५०, साधी बाही, अस्तर सुती, उजवा १,४००, बाहीवर हाताने भरतकाम, मागे दोरी आणि लटकन. बघणारीला आपल्या रीलमधला ब्लाऊज कुठे बसतो ते कळतं. शेवटी कुरिअरचा खर्च यात धरलाय की वेगळा.

हायलाइटमधल्या स्टोरीवर ती किती जुनी आहे हे वर बारीक अक्षरांत दिसतं, आठवड्यांच्या हिशेबात. किमतीच्या स्टोरीवर ९८ आठवडे दिसले की शहाणी बाई ती किंमत धरत नाही आणि परत 'पीपी' लिहिते. म्हणून किंमत बदलली नसली तरी दर हंगामाला तीच स्टोरी नव्याने टाकून जुनी काढावी.

'किंमत इनबॉक्समध्ये' हा प्रघात मला स्वतःला कधीच पटला नाही. मेसेज वाढले की पोस्ट जास्त लोकांना दिसते असं त्याचं समर्थन केलं जातं. पण २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियमांचा रोख उलटा आहे: ऑनलाइन विकणाऱ्याने एकूण किंमत, पोहोचवण्याच्या अटी, परतीच्या अटी हे सगळं ग्राहकाने ठरवण्याआधी समोर ठेवावं. याच नियमांमुळे 'बदल' हा गोलही नीट विचार करून भरावा लागतो. पुष्कळ प्रोफाइलवर लाल अक्षरांत 'नो रिटर्न, नो एक्स्चेंज' असतं. आवड बदलली म्हणून परत घेणार नाही, असं दुकान म्हणू शकतं. पण कापड सदोष निघालं किंवा दाखवलं एक आणि पाठवलं दुसरंच, तर परत घ्यायला नकार देता येत नाही, मग पाटीवर काहीही लिहा. ताईंच्या गोलात आता तीन स्टोऱ्या आहेत. बसलं नाही तर किती दिवसांत कळवायचं आणि येण्याजाण्याचा कुरिअर कुणाचा. दोष असेल तर पाकीट उघडतानाचा व्हिडिओ पाठवा, खर्च आमचा. आणि काय बदलून मिळत नाही, म्हणजे फॉल-पिको झालेली साडी, उसवून सैल केलेला ब्लाऊज. कडक अटी दोन ओळींत साध्या भाषेत लिहिल्या की त्या टोचत नाहीत.

'कापड' या गोलाबद्दल एकच सांगतो. रंगाच्या तक्रारी दुकानातल्या पिवळ्या दिव्यांमुळे होतात. तोच खण सकाळी गच्चीवर, मग ट्यूबलाइटखाली आणि मग संध्याकाळी अंगात घालून, असे तीन छोटे व्हिडिओ एकापाठोपाठ ठेवले की 'कलर असाच आहे ना' या प्रश्नाला शब्दांची गरज उरत नाही.

आता यंत्राच्या खोडीकडे येऊ, कारण बहुतेकींची मांडणी आठवड्याभरात तिथेच मोडते. ज्या गोलात आपण शेवटची भर घालतो तो उडी मारून सगळ्यात डावीकडे येतो. म्हणून सुरुवातीला गोल उलट क्रमाने करायचे: आधी 'दुकान', मग 'ग्राहक', मग 'बदल', 'कापड', 'ऑर्डर', 'माप', आणि शेवटी 'किंमत'. मग 'किंमत' पहिली दिसते. इथपर्यंत ठीक. पण दुसऱ्या दिवशी एखादी ग्राहक हळदीकुंकवाचा सुंदर फोटो पाठवते, ताई हौसेने तो 'ग्राहक' या गोलात भरतात, आणि तो गोल झेप घेऊन पहिला होतो. चार-पाच फोटो, दोन पोचपावत्या, एक प्रदर्शन असं होता होता 'माप' पडद्याबाहेर गेलेलं असतं, आणि कुणी काही बिघडवलेलं नसतं. यावर ताईंनी काढलेला तोडगा मला आवडला. ग्राहकांचे फोटो त्या रोजच्या स्टोरीवर लगेच टाकतात, पण गोलात महिन्यातून एकदाच भरतात, आणि त्याच दिवशी लगेच मापाची व किमतीची स्टोरी नव्याने टाकून ते दोन गोल परत पुढे आणतात. किंमत ताजी करायचं कामही त्यातच होऊन जातं.

गोलाच्या आतला क्रमही असाच बेभरवशाचा. साधारणपणे जुनी स्टोरी आधी आणि नवी नंतर चालते, त्यामुळे मापाची तिसरी पायरी दुरुस्त करून टाकली की ती शेवटी जाऊन बसते. पायऱ्या असलेल्या गोलात एक बदलायची तर सगळ्याच स्टोऱ्या क्रमाने पुन्हा टाकाव्या लागतात. कंटाळवाणं आहे, पण सहा स्टोऱ्यांना वेळ फार लागत नाही. सेटिंग्जमध्ये स्टोऱ्या आर्काइव्हमध्ये साठवण्याची सोय चालू आहे ना, तेवढं आधी बघावं. ती बंद असेल तर चोवीस तासांनंतर भरायला काही उरत नाही. आणि आर्काइव्हमधून 'कचरा' म्हणून स्टोरी पुसली की ती गोलातूनही जाते.

हे सगळं करूनही काही जणी गोल उघडणारच नाहीत. व्हॉट्सॲपवर फिरत आलेला फोटो पाहून थेट मेसेज करणारीने प्रोफाइल पाहिलेलंच नसतं. तिला 'हायलाइट बघा' एवढंच उत्तर दिलं तर ते झिडकारल्यासारखं लागतं. आधी उत्तर द्यावं, '३८ आहे, ताई, ९५० ला, ४१ पर्यंत सैल होतो', आणि मग खाली 'घरच्या ब्लाऊजवरून माप कसं घ्यायचं ते प्रोफाइलवर "माप"मध्ये दाखवलंय'. एका विशिष्ट ब्लाऊजचा '३८ शिल्लक आहे का' हा प्रश्न तर कुठल्याच गोलात मावत नाही. तासातासाला बदलणारी गोष्ट तिथे लावायची नाही.

मांडणी जमली की नाही हे कळायला वहीतल्या त्याच रेघा कामी येतात. महिन्याभराने पुन्हा मेसेज वाचून रेघा ओढायच्या. ताईंकडे मापाच्या रेघा बऱ्याच कमी झाल्या आणि जे प्रश्न आले ते पुढच्या इयत्तेचे होते: 'माझा १९ आणि अर्धा भरतोय, ४० घेऊ ना?' किमतीच्या रेघा मात्र हटायला तयार नव्हत्या. शेजारच्या घरातल्या सूनबाईंच्या हातात फोन देऊन 'ब्लाऊज केवढ्याला ते शोध' म्हटलं, तेव्हा कारण कळलं. तिने 'किंमत' उघडलं, पण पहिलीच स्टोरी स्वागताची होती, दुसरी हात जोडलेल्या ताईंची. तिसरीपर्यंत तिने वाट पाहिली नाही. त्या दोन्ही काढल्या. आता गोल उघडताच समोर ८५० आणि १,४०० चे दोन ब्लाऊज येतात. 'ऑर्डर'मध्ये सध्या एक जादा स्टोरी आहे, गणपतीआधी पोहोचायला हवं असेल तर शेवटची तारीख सांगणारी. विसर्जनानंतर ती काढायची, असं ताईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.